‘अप्रूव्ड’ म्हणजे नेमकं काय अप्रूव्ड?

*ताई, मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मालक पुण्याला बसतात, अकाउंट आणि एचआरही तिकडेच. 2 फेब्रुवारीला मी साहेबांना एक सविस्तर मेल टाकला. मार्चमध्ये बहिणीच्या लग्नासाठी 5 दिवस रजा, त्या दिवसांत स्टोअरच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, आमच्या शाफ्टचं जॉबवर्क करणाऱ्याचं थकलेलं बिल, माझ्या पासबुकात न दिसणारा दोन महिन्यांचा पीएफ आणि पॅकिंग शेडसाठी मोठा कूलर, असे सगळे मुद्दे आकडे टाकून लिहिले. नऊ दिवसांनी उत्तर आलं: ‘ओके, अप्रूव्ड.’ काय अप्रूव्ड, रजा की कूलर? बाकीच्यांचं तर नावच नाही. जॉबवर्कवाला रोज गेटवर येऊन उभा राहतो. सोबतचे म्हणतात वेगवेगळे मेल टाक, पण पाच-पाच मेल पाहून साहेब चिडतील असं वाटतं. काय करू?*

*– एक स्टोअरकीपर, वाडी*

भाऊ,

सोबतचे बरोबर सांगताहेत. फक्त मेल पाच नाही, चार टाकायचे आहेत, आणि त्यातले साहेबांच्या नावाने दोनच. ते कसं, हे सांगण्याआधी एक जुनी गोष्ट सांगते, कारण मला हे शहाणपण त्यातूनच आलं.

सिव्हिल लाइन्समधल्या एका कार्यालयात मी 32 वर्षं नोकरी केली. सुरुवातीची बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर गेली. रोजच्या डाकेतलं प्रत्येक पत्र नोंदवहीत चढवायचं: आवक क्रमांक, तारीख, कोणाकडून आलं, विषय, कोणत्या टेबलाकडे दिलं. विषयाचा रकाना जेमतेम चार शब्द मावतील एवढा. एका पत्राला एकच क्रमांक मिळायचा, आणि ते पत्र एकाच टेबलावर, एकाच नस्तीत जायचं. एकदा आमच्याच एका शिपायाचा अर्ज आला. पहिल्या परिच्छेदात क्वार्टरचं छत गळतंय, दुसऱ्यात वेतनवाढीचा फरक मिळालेला नाही. मी विषयाच्या रकान्यात ‘निवासस्थान दुरुस्ती’ लिहिलं आणि अर्ज बांधकामाच्या टेबलाकडे दिला. पावसाळ्याआधी छत दुरुस्त झालं, अर्जावर ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा पडला आणि अर्ज नस्तीत लागला. फरकाचा दुसरा परिच्छेदही त्याच नस्तीत, त्याच शेऱ्याखाली झाकला गेला. तो माणूस वर्षभराने विचारायला आला तेव्हा मला ते कळलं. अर्ज कोणी हरवला नव्हता, कोणी अडवलाही नव्हता. कागद एकच होता, म्हणून त्याचं काम एकदाच पूर्ण झालं.

मेलचं हेच होतं. मेल अख्खाच फिरतो. त्याचा एखादा परिच्छेद काढून अकाउंटकडे आणि दुसरा एचआरकडे जात नाही, तो काढून पाठवण्याचं काम वाचणाऱ्याला करावं लागतं. साहेबांच्या इनबॉक्समध्ये तुमचा मेल एक तर न वाचलेला, म्हणजे ठळक अक्षरांतला, नाहीतर वाचलेला. एक तर उत्तर दिलेला, नाहीतर न दिलेला. पाचातल्या एकाचं उत्तर दिलं की पाचही मुद्द्यांवर ‘उत्तर दिलं’ अशी खूण बसते आणि मेल नव्या मेलांखाली सरकत जातो. तुमचे चार मुद्दे तिथेच राहिले.

ते नऊ दिवस कशात गेले, तेही यातूनच कळतं. रजेला ‘हो’ म्हणायला साहेबांना अर्धा मिनिट लागलं असतं. कूलरला खर्च आहे, त्यावर विचार करावा लागतो. बिलाचं अकाउंटला विचारावं लागतं. पीएफचं त्यांच्या हातातच नाही. म्हणून मेल उघडला, ‘सगळं पाहून सावकाश लिहू’ म्हणून बाजूला ठेवला, आणि सगळ्यांत अवघड मुद्द्यापायी सगळ्यांत सोपा मुद्दाही लटकला. शेवटी एक दिवस त्यांनी मोबाइलवरून जे सुचलं ते दोन शब्दांत पाठवलं. तुम्ही घातलेल्या आकड्यांनी वाचायला सोपं झालं असेल, पण 1 ते 5 असे आकडे घातल्याने मेलचे पाच भाग होत नाहीत. त्यांनी ‘1 अप्रूव्ड’ लिहिलं असतं तरी 3 आणि 4 अकाउंट-एचआरकडे गेलेच नसते.

आता वाटणी. प्रत्येक मुद्द्यापुढे दोन गोष्टी लिहा: याचं उत्तर कोण देणार, आणि उत्तर मिळाल्यावर हा विषय मिटेल का. जे मुद्दे एकाच माणसाने एकाच वेळी ठरवायचे आहेत आणि ज्यांचं एकावाचून दुसरं अडतं, ते एकत्र राहू द्या. तुमची रजा आणि किल्ल्या हे दोन वेगळे विषय नाहीत. किल्ल्यांची सोय कळल्याशिवाय साहेब रजेला ‘हो’ म्हणायला बिचकतील, आणि रजा नसेल तर किल्ल्यांचा प्रश्नच उरत नाही. दोन्ही एकाच मेलमध्ये. बिल अकाउंटचं, पीएफ एचआरचा, कूलर साहेबांचा. म्हणून चार.

बिलाचा मेल आजच पाठवा, कारण माणूस गेटवर उभा आहे. नमुना देते. आकडे मी घातलेले आहेत, तुमचे खरे घाला.

प्रति: अकाउंट. सीसी: साहेब.

विषय: शाफ्ट जॉबवर्क, बिल क्र. 417, रु. 38,640: पेमेंटची तारीख हवी

“मॅडम, वरील बिल 3 जानेवारीचं आहे. 60 नग शाफ्ट 6 जानेवारीला तपासून स्टोअरमध्ये घेतले. बिल आणि माल घेतल्याची पावती सोबत जोडली आहे. मालात काही वाद नाही. पेमेंट कोणत्या तारखेला जाईल ते कळवावं, म्हणजे मी त्यांना सांगू शकेन. एखादा कागद कमी असेल तर तेही सांगावं.”

एवढंच. यात विनवणी नाही आणि जुना इतिहासही नाही. मॅडमना पेमेंट काढायला जे लागतं, म्हणजे बिल नंबर, तारीख, रक्कम, माल कधी घेतला आणि मालात तक्रार आहे का, ते सगळं एका स्क्रीनवर आहे. शेवटी त्या फक्त दोनच प्रकारचं उत्तर देऊ शकतात: तारीख, किंवा कमी असलेला कागद. मेल वेगळा असल्याचा खरा फायदा इथे आहे. मूळ मेलमध्ये हा मुद्दा तिसरा होता, तिथे तुम्ही ‘बिल थकलं आहे, पाहावं’ एवढंच लिहिलं असणार, कारण पाच मुद्दे एका मेलमध्ये बसवताना प्रत्येकाला दोन ओळीच मिळतात. मुद्दा सुटा केला की त्याला लागणारे कागद आपसूक आठवतात.

आणखी एक ओळ तुम्ही घालू शकता, जर तो जॉबवर्कवाला सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून ‘उद्यम’वर नोंदलेला असेल तर. 2006 च्या कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराशी लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि करार नसला तर 15 दिवसांत. वरच्या नमुन्यातला माल 6 जानेवारीला घेतला, म्हणजे 45 दिवस 20 फेब्रुवारीला भरतात. ही ओळ मालकांच्या पाच मुद्द्यांच्या मेलमध्ये लिहिली असती तर ती वाचून पुढे गेले असते. अकाउंटच्या माणसाला तिचा अर्थ लगेच कळतो, कारण मुदत उलटल्यावर व्याज लागतं आणि आयकरात तो खर्च धरण्याचीही अडचण येते. सांगण्याची गोष्ट तीच, पण ती योग्य माणसापर्यंत एकटी पोहोचायला हवी.

पीएफचा मेल एचआरला, आणि त्यात सीसी कोणालाही नको. विषयात ‘नोव्हेंबर-डिसेंबर पीएफ पासबुकात दिसत नाही’ असं लिहा. सोबत त्या दोन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि पासबुकाचं पान, मजकुरात तुमचा यूएएन. प्रश्न एकच विचारा: या दोन महिन्यांची रक्कम कोणत्या तारखेला भरली? महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे डिसेंबरचं उत्तर त्यांच्याकडे आत्ता असायलाच हवं. भरला असेल तर भरणा केल्याचा कागद मागा. पासबुकात नोंद उशिरा उमटू शकते, तेव्हा सूर आरोपाचा ठेवू नका.

हा मेल वेगळा ठेवायला मी सगळ्यांत जास्त जोर देते. तुमच्या मूळ मेलमध्ये पगाराची आणि पीएफची माहिती कूलरच्या शेजारी होती. साहेबांना कूलरचा भाव काढायला तो मेल पर्चेसच्या मुलाकडे पाठवावासा वाटला असता, तर तुमचा पगार आणि रजेचं कारण त्याच्यासमोर गेलं असतं. फॉरवर्ड करताना वरचा-खालचा मजकूर पुसायला कोणी बसत नाही. आपल्या घरची गोष्ट कोणाकोणाकडे जाणार हे आपल्याला मेल लिहितानाच ठरवता येतं, नंतर नाही.

रजेचा मेल साहेबांना. विषय: ‘रजा 9 ते 13 मार्च, किल्ल्यांची सोय’. त्यात किल्ल्या कोणाकडे द्यायच्या असं विचारू नका, तुम्हीच नाव सुचवा. “पॅकिंगच्या सुपरवायझरकडे किल्ल्या देतो, 7 तारखेला त्यांच्यासमोर साठ्याची मोजणी करून सही घेतो. चालेल का?” यावर ‘ओके’ आलं तर त्याचा एकच अर्थ होतो. साहेब दोन शब्दांतच उत्तर देतात हे तुम्हाला माहीत आहे, तर त्यांच्या दोन शब्दांत पूर्ण उत्तर मावेल असा प्रश्न लिहायचा. त्यांची सवय बदलायला जाऊ नका.

कूलरचा मेल यांत शेवटचा, आणि तो एवढ्यात पाठवू नका. आधी सीताबर्डीतून किंवा जिथून घेता तिथून दोन दुकानांचे भाव लेखी आणा, शेड किती लांब-रुंद, किती माणसं बसतात, पाण्याची आणि लाइटची सोय कुठे, हे लिहा. भावाविना पाठवलेल्या कूलरच्या मेलला ‘पाहू’ हेच उत्तर येणार, आणि मग दुसऱ्यांदा विचारायला जीभ रेटत नाही. मात्र मार्चचा पहिला आठवडा उलटू देऊ नका. आपल्याकडे उन्हं तापली की दुकानदार भाव सोडत नाहीत आणि मोठा कूलर हवा त्या दिवशी मिळत नाही. मेलमध्ये ‘10 मार्चपर्यंत होकार आला तर 20 पर्यंत बसेल’ अशी तारीख द्या. एकत्र मेलमध्ये हे जमलंच नसतं, कारण बिल आज हवं, रजा या आठवड्यात, आणि कूलर पंधरा दिवसांनी. वेगळे केले की प्रत्येकाला स्वतःची घाई मिळते.

आता थोडं यंत्राचं, कारण इथे चांगल्या चांगल्यांची फसगत होते. नवा मेल Compose दाबूनच लिहा. साहेबांच्या ‘ओके, अप्रूव्ड’ला Reply करून त्यात बिलाचं लिहाल, तर तो त्याच जुन्या संभाषणाला चिकटेल आणि वरती Re: लागून जुनाच विषय दिसेल. Reply करून नुसता विषय बदलला तर जीमेल त्याचं संभाषण वेगळं करतं, पण सगळेच प्रोग्राम तसं करत नाहीत. उत्तराच्या मेलमध्ये मागच्या मेलचा क्रमांक आत लपलेला असतो, त्यावरून ते नव्याला जुन्याखाली जोडतात. शिवाय खाली जुन्या मेलचा सगळा मजकूर लोंबत राहतो, त्यात तुमचा पीएफ आलाच.

दुसरी फसगत विषयाच्या ओळीची. साहेबांना दोन मेल टाकले आणि दोन्हींचा विषय ‘विनंती’ ठेवला, तर तोच पाठवणारा, तोच घेणारा, तोच विषय आणि काही दिवसांचंच अंतर, हे पाहून जीमेल ते दोन्ही एकाखाली एक ठेवू शकतं. म्हणजे तुम्ही वेगळे केलेत आणि यंत्राने पुन्हा बांधले. साहेब उघडतील, शेवटचा वाचतील, उत्तर देतील, वरचा तसाच राहील. म्हणून प्रत्येक विषयात त्या मेलचं स्वतःचं काहीतरी हवं: बिल नंबर, तारखा, वस्तूचं नाव. विषयाची ओळ लिहिताना ‘आणि’ लिहावासा वाटला, किंवा ‘विविध बाबींबाबत’ असं सुचलं, की मजकुरात दुसरा विषय शिरला आहे हे ओळखा. ‘तसेच’ने सुरू होणारा परिच्छेद आणि खालचं ‘ता. क.’ हीसुद्धा तीच खूण. तो भाग कापा, नवा मेल उघडा, तिथे चिकटवा. तो फुकट जात नाही.

साहेब चिडतील या भीतीचं काय? चारांपैकी त्यांच्या नावाने दोनच जाताहेत, तेही वेगवेगळ्या दिवशी. बिलाचा त्यांना सीसीत आहे, म्हणजे माहितीसाठी, त्याचं उत्तर त्यांच्याकडे मागितलेलं नाही. तुमच्याकडे सगळं मालकांमार्फतच जावं असा शिरस्ता असेल तर चारही त्यांनाच पाठवा, पण वेगळेच पाठवा. मग बिलाचा मेल अकाउंटला ढकलायला त्यांना काहीच लिहावं लागणार नाही. चार सुटे मेल हातावेगळे करायला दोन मिनिटं लागतात. पाच मुद्द्यांचा एक मेल हातावेगळा करायला बसावं लागतं, आणि मालकांना बसायला वेळ नसतो. तरी एकाच तासात चारही सोडू नका. आज बिल आणि पीएफ, उद्या सकाळी रजा.

आणि जुना मेल? त्याला ‘रिमाइंडर’ म्हणून परत पाठवू नका, पुन्हा तेच पाच मुद्दे त्यांच्यापुढे येतील. त्यांच्या उत्तराला फक्त एक ओळ पाठवा: “सर, 2 फेब्रुवारीच्या मेलमधले मुद्दे आता सुटे करून पाठवतो आहे, या मेलवर काही करायचं राहिलेलं नाही.” मग रजेच्या नव्या मेलमध्ये लिहा की आपण कळवलेला होकार मी रजेसाठी धरतो आहे, कूलरसाठी नाही. त्या दोन शब्दांच्या भरवशावर कूलरची ऑर्डर मात्र देऊ नका. मंजुरी कशाची हे त्यांना स्वतःलाही आठवणार नाही, आणि बिल आल्यावर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

हे सगळीकडे लागू नाही. एकाच माणसाला तीन बारीकसारीक गोष्टी विचारायच्या आहेत, तिन्हींचं उत्तर त्याच्या तोंडावर आहे, तर त्यासाठी तीन मेल लिहू नका, आकडे टाकून एकातच विचारा. कोणी ‘दिवसाचा एकच मेल पाठवत जा’ असं स्पष्ट सांगितलं असेल तर त्यांचं ऐका, आणि निदान जे दुसऱ्याकडे जायचं आहे तेवढं वेगळं काढा. जॉबवर्कवाला उद्या गेटवर आवाज चढवू लागला तर मेल लिहीत बसू नका, मॅडमना फोन करा. फोनवर तारीख मिळाली की त्याच बिलाच्या मेलवर Reply करून “आपण फोनवर 27 फेब्रुवारी सांगितलं, तसं कळवतो” एवढं लिहा.

ती तारीख टळली तर विचारणाही त्याच मेलवरून करा. तिथे बिल जोडलेलं आहे, पावती आहे, मॅडमनी दिलेली तारीख आहे, आणि दुसरं काहीच नाही. चार दिवसांनी पीएफचं उत्तर आलं नाही तर पीएफच्या मेलवरून विचारा, बिलाच्या मेलमध्ये ‘आणि माझं ते पीएफचं’ असं जोडू नका. बहिणीच्या लग्नाला जाण्याआधी, 7 तारखेला मोजणीची सही झाली की त्या कागदाचा फोटो रजेच्या मेलवर टाका आणि किल्ल्या देऊन निघा.